तळं भरलेलं, विहीर कोरडी

कागलच्या अलीकडच्या एका गावात केरबा वॉटरमन होता. विहिरीवरची मोटार लावून टाकी भरायची आणि गल्लीगल्लीला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. पण यंदा होळीलाच मोटार पाण्याऐवजी हवा ओढू लागली. केरबाला चैन पडेना. जेवता जेवता उठायचा, विहिरीत डोकावायचा, परत येऊन ताटावर बसायचा.

"हिरीत कुणाचं लगीन हाय व्हय?" बायको बयाबाई म्हणायची.

गावसभेनं ठरवलं होतं, पुढच्या होळीलाही विहीर आटली तर ती बुजवायची. केरबाचा जन्म त्या विहिरीवर गेला होता.

एक गोष्ट त्याला टोचत होती. विहिरीच्या वरच्या अंगाला पाझर तलाव होता. पूर्वी तो संक्रांतीलाच आटायचा, विहीर मात्र उन्हाळाभर पुरायची. आता भर उन्हाळ्यात तलावात म्हशी डुंबत होत्या. तलाव आटत नाही म्हणून गावानं पेढे वाटले होते. केरबानंही दोन खाल्ले होते.

एका सकाळी तो पहार घेऊन तलावावर गेला. पाणी थोडं हटलं होतं तिथं त्यानं खणलं. वर गुडघाभर काळा, लोण्यासारखा गाळ. त्याखाली मुरूम, पाण्याला खेटून असूनही कोरडाच म्हणावा असा. केरबा तसाच चिखलाच्या पायांनी सरपंच संयोगिताताईंकडं गेला.

"ताई, तळं पाणी साठवायला न्हाय, मुरवायला बांधलंय. पाणी मुरमात झिरपायचं, खालच्या खडकाच्या भेगांतनं हळूहळू हिरीत यायचं. पूर्वी लोक दर उन्हाळ्याला गाळ उसाच्या रानात न्यायचे. पोत्यातलं खत आलं आन् ते थांबलं. गाळानं वाटच बुजवली की."

"म्हणून भरलेलं तळं रिकामं करू? लोक मलाच त्यात बुडवतील."

"बुडवायला पाणी हाय तवरच इचारा त्यास्नी."

ताई हसल्या, पण तयार झाल्या. तलावातलं पाणी जनावरांना आणि उसाला दिलं. तळ उघडा पडल्यावर ट्रॅक्टर लावून गाळ रानात नेला.

गणपतीत तलाव काठोकाठ भरला. दिवाळीला निम्म्यावर आला. पारावर जोतीराम म्हणाला, "केरबा, तुझं तळं गळतंय. पंक्चर काढून आण जा."

केरबा हसला नाही. संक्रांतीला तळाला भेगा पडल्या, तेव्हा तर लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. आपलं चुकलं असेल तर? पाणी भलतीकडंच गेलं असेल तर? जमिनीच्या पोटातलं कुणाला दिसतंय?

होळीच्या सकाळी त्यानं मोटार लावली. पाइप खोकला, गुरगुरला. मग भरधार पाणी सुरू झालं, ते टाकी भरेपर्यंत थांबलं नाही. केरबा पायऱ्या उतरून खाली गेला. कातळाच्या भेगेला तळहात लावला. गार पाणी बोटांवरनं वाहत होतं.

बयाबाईनं पोळी वाढली. "आता तरी बसून जेवा."

केरबानं अर्धी पोळी खाल्ली आणि उठला.

"आता कुठं?"

"तळ्यावर. यंदाचा गाळ किती साठलाय बघून येतो."