सहापैकी एक गुण

मला राग पटकन येतो आणि स्वतःची चूक सावकाश कळते. आई म्हणते, "आधी तोंड, मग डोकं." जर्मनीत बॉनला नोकरी लागली तेव्हा वाटलं, आता माझं काम यंत्राशी, तोंडाचा प्रश्नच मिटला. कसलं काय!

आमचं भाषाकेंद्र छोटं. जर्मनीत शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांसाठी इथे पूर्वतयारीचा वर्ग चालतो. त्यात जागा हवी असेल तर घरून एक जर्मन निबंध लिहून अपलोड करायचा. सहापैकी चार गुण मिळाले तर जागा मिळते, नाहीतर पुढच्या सत्रापर्यंत थांबायचं. व्हिसा याच वर्गाच्या पत्रावर अवलंबून असतो, त्यामुळे थांबणं म्हणजे बहुतेक वेळा घरी परत जाणंच. हे निबंध तपासणारा प्रोग्रॅम मी बांधला होता.

तो कसा चालायचा ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. दोन-दोन शिक्षकांनी तपासलेले जुने निबंध मी त्याला दाखवले होते. चांगले गुण मिळालेल्या निबंधांत काय काय जास्त सापडतं, हे त्याने त्यातून शिकून घेतलं: लांबी, जरा वेगळे शब्द, "तरीसुद्धा", "त्याउलट" असली जोडणारी पदं, लहानमोठी वाक्यं, कमी चुका, प्रश्नातल्या शब्दांशी जुळणारे शब्द. निबंध तो वाचत नव्हता, या खुणा मोजत होता. आणि त्याचे गुण शिक्षकांच्या गुणांशी छान जुळत होते. मी मिरवत होते, खोटं कशाला बोलू?

मग एका सत्रात गुण अचानक चढले. जो तो पाच, साडेपाच. आमच्या प्रमुख बाई खूश. मीही.

खूश नव्हते ते आमचे जुने परीक्षक. निवृत्त शाळामास्तर, सायकलवरून येणारे, मोजकं बोलणारे. त्यांनी एक निबंध माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा तुमच्या यंत्राला द्या." विषय होता शहरातली वाहतूक. मी दिला. साडेपाच आले. "आल्झो, तर मग," ते म्हणाले, "आता वाचा."

वाचला. पहिल्या परिच्छेदात बस सायकलपेक्षा स्वस्त, तिसऱ्यात सायकल बसपेक्षा स्वस्त, आणि शेवटी निष्कर्ष असा की वाहतुकीमुळे वाहतूक सुधारते. भाषा मात्र अशी घोटीव की बोट ठेवायला जागा नाही. मास्तरांनी तो चॅटबॉटकडून लिहून घेतला होता, मुद्दाम उलटसुलट मुद्दे घालायला सांगून. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! आणि माझ्या प्रोग्रॅमने जेवण उत्तम झाल्याची पावती दिली होती.

आधी मी मास्तरांवरच चिडले. मग खाली बसून विचार केला. आंबा रंगावरून निवडायची सवय असते ना आपल्याला? झाडावर रंग आणि गोडी बरोबर येतात, म्हणून ती सवय चालते. कार्बाइड लावून पिकवलेल्या आंब्याला रंग येतो, गोडी येत नाही. माणसाच्या निबंधात भारी शब्द आणि जोडलेली वाक्यं असली, की मागे थोडाफार विचारही असायचा. चॅटबॉटने रंग वेगळा काढून दिला, आणि माझा प्रोग्रॅम रंगच बघत होता.

प्रमुख बाईंनी मला बोलावलं. "यंत्राने लिहिलेले निबंध पकडता येतील?" मी म्हटलं, "गेनाऊ, अगदी येतील, दोन दिवस द्या." अपमान झाला की माझे हात फार वेगाने चालतात.

संशय दाखवणारा एक तयार प्रोग्रॅम मी आणला. प्रत्येक पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते तो बघायचा. सगळेच शब्द फार अपेक्षित निघाले, की तो म्हणायचा, हे यंत्राचं असावं. "असावं" एवढंच म्हणायचा तो. पुढचं मी केलं. संशयाचा आकडा ठरावीक रेषेच्या वर गेला की निबंधाचे गुण थेट एकवर आणायचे, अशी ओळ मी घातली. माणसाकडे पाठवायचं नाही, थांबवायचं नाही, थेट एक. बाईंनी विचारलंही होतं, "मध्ये कोणी बघायला नको?" मी म्हणाले, "वेळ वाचेल."

निकाल लागला आणि चार दिवसांनी माझ्या श्प्रेखश्टुंडेला, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या तासाला, एक मुलगी आली. सोलापूरची. यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला, फक्त हा वर्ग व्हायचा होता. दारातूनच मराठीत म्हणाली, "ताई, तुम्ही मराठी आहात असं कळलं. एकच विचारायचंय. मला एक गुण कशाचा मिळाला?"

मी निबंध उघडला. आमच्या नियमावलीत एक गुणाचा अर्थ लिहिलेला आहे: साधी वाक्यंसुद्धा लिहिता येत नाहीत. समोर दोन पानं नीटनेटकी जर्मन होती. दोन-तीन चुका, थोडं घासून गुळगुळीत, पण मुद्दा होता. सोलापूरच्या बसस्टॉपवर सावली नसते म्हणून म्हातारी माणसं रिक्षा करतात, असं लिहिलं होतं तिने. असलं चॅटबॉटला सुचत नाही असं मी म्हणणार नाही, पण ते तिचं वाटत होतं.

"यात माझी चूक कुठली ते दाखवा," ती म्हणाली. "मी सुधारते."

मला दाखवता येईना. गुण निबंधाबद्दल काहीच सांगत नव्हता. तो माझ्या संशयाबद्दल सांगत होता, आणि कपडे घातले होते त्याने गुणाचे. मी जरा घुटमळून म्हणाले, "अगं, हे यंत्राने लिहिलंय असा शेरा पडलाय."

ती रडली नाही. पिशवीतून एक वही काढली. पुण्याच्या जर्मनच्या क्लासमध्ये निबंधासाठी तयार वाक्यं देतात: "या प्रश्नाला दोन बाजू आहेत", "हे उघड आहे की", "सारांश असा". शेकडो वाक्यं, लाल पेनने अधोरेखित, प्रत्येकाखाली तीन-तीनदा गिरवलेली. "ही सगळी पाठ आहेत मला, ताई. एक वर्ष घोकलीत." दहावीला मीही निबंध असेच पाठ केले होते. पाठ केलेली वाक्यं म्हणजे हजारोंनी वापरलेली वाक्यं, पुढचा शब्द आधीच माहीत असलेली. माझ्या संशयाच्या प्रोग्रॅमला आणखी काय हवं होतं?

मी तिला ते समजावून सांगितलं. अपराधी वाटत होतं ना, म्हणून जास्तच मन लावून: शब्द अपेक्षित असणं म्हणजे काय, ठरीव वाक्यांवर संशय का येतो, सगळं. ती मान डोलावत होती. मग मी तिला वीडरश्प्रुख, म्हणजे निकालावरची लेखी हरकत, भरायला लावली.

त्या संध्याकाळी मी बाकीचे निबंध हाताने चाळले. ज्यांना पाच मिळाले होते त्यांतले काही मास्तरांनी चष्मा न लावताही ओळखले असते. चॅटबॉटला "साधं लिही, दोन-चार चुका कर" एवढं सांगितलं की संशय रेषेखाली जातो, आणि दोन-चार चुकांनी गुण काही फारसे कमी होत नाहीत. चोर सोडून संन्याशाला सुळी. सुळी चढवणारी मी. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

हरकतीचा नियम असा, की उमेदवाराने केंद्रात बसून, देखरेखीखाली नवा निबंध लिहायचा आणि दोन माणसांनी तो तपासायचा. मला वाटलं, झालं, सुटली पोरगी. ती आली, दीड तास लिहिलं, गेली. मास्तरांनी आणि दुसऱ्या परीक्षकांनी वेगवेगळे बसून गुण दिले. तीन आणि तीन.

मी तो कागद हिसकावूनच घेतला. सगळी वाक्यं तोडकी. "बस चांगली आहे. सायकल पण चांगली आहे. मला बस आवडते." "एकीकडे" नाही, "दुसरीकडे" नाही, "सारांश" नाही. पाचवीतल्या पोराने लिहावं तसं.

बाई म्हणाल्या, "म्हणजे पहिला तिचा नव्हता."

"तिचाच होता!" मी ओरडलेच. मग आवाज खाली आणून सगळं सांगितलं. ती ओळ मी घातली, तुम्ही विचारलं तरी मी मध्ये माणूस नको म्हणाले, चूक यंत्राची नाही, माझी. "गुण म्हणजे मजकूर कसा आहे याचं उत्तर. शेरा म्हणजे हा मजकूर आला कुठून, एवढा प्रश्न. प्रश्न चुकला तर आपली दहा मिनिटं जातात. मी प्रश्नालाच उत्तर करून टाकलं, आणि तिची जागा गेली."

मास्तर म्हणाले, "तिलाच विचारू."

ती आत आली. मास्तरांनी शांतपणे जर्मनमध्ये विचारलं, पहिल्या निबंधात इतकी चांगली वाक्यं होती, ती या वेळी का नाहीत? तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग जर्मनमध्येच म्हणाली, एकही चूक न करता, "मला समजावण्यात आलं होतं, की चांगली वाक्यं लिहिली तर ती माझी नाहीत असं मानलं जाईल. म्हणून मी ती टाळली."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बाईंनी तिची वही मागून घेतली आणि पान उलटत राहिल्या. मग पहिला निबंध त्या दोन परीक्षकांनी, कुठलाही आकडा न बघता, पुन्हा तपासला. चार आणि चार. जागा मिळाली. माझी ती ओळ मी त्यांच्यासमोरच काढून टाकली. आता संशय आला की गुण आहे तसाच राहतो, निकाल थांबतो, आणि एक माणूस मुलाशी बोलतो. पाचच्या वरचे निबंधही आम्ही माणसाकडून वाचून घेतो. वेळ वाचत नाही.

वर्ग सुरू झाल्यावर एकदा ती जिन्यात भेटली. मी तिची माफी मागितली, तेव्हाही मागितली होती, पुन्हा मागितली. ती हसली. म्हणाली, "जाऊ द्या ताई, जागा तर मिळाली."

दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "फक्त एक झालंय. 'एकीकडे' असं लिहायला घेतलं की हात थांबतो. वाटतं, हे माझं आहे का?"