सहीची किल्ली

आमचं लहानसं ऑफिस नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्यांसाठी मोबाइल ॲप बनवतं. कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर एक बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार ॲप, व्हायला पाऊण तास लागायचा, म्हणून ते काम क्लाउड रनरवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या संगणकावर, न्यायचा प्रस्ताव मी मालकांपुढे ठेवला. मिनिटागणिक भाडं, त्यावर महिन्याची मर्यादा, इथपर्यंत ते शांतपणे ऐकत होते.

मग धोके आले. ॲपवर सही करणारी डिजिटल किल्ली क्लाउडवर ठेवावी लागेल. ती चोरीला गेली तर कुणीही आमच्या नावाने खोटं अपडेट काढेल, आणि हरवली तर आम्हालाच काढता येणार नाही.

"आते ती कोठे शे?" मालकांनी विचारलं.

"त्याच पीसीत."

"दुसरी नक्कल?"

मी तोंड उघडलं आणि लाइट गेली. पीसीचा यूपीएस केकाटायला लागला. त्याची बॅटरी केव्हाच म्हातारी झालेली, आणि पीसी असा अचानक बंद पडला तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. एरवी ज्या पीसीला मी शिव्या घालायचो, त्याच्यापुढे गुडघे टेकून मी पेनड्राइव्ह लावला. मालक मागे उभे होते.

किल्ली इतकी लहान निघाली की कॉपी होतानाची पट्टीसुद्धा दिसली नाही. ती खरंच उतरली यावर माझा विश्वासच बसेना. लाइट आली तरी मी नकलाच काढत होतो.