चौथ्या गाळ्यानंतरची फट

आमच्या महिला दूध संस्थेला भिंत हवी होती, कारण सभासदांसाठी आणलेला चारा दुसऱ्यांची जनावरं खात होती. पावसाने दगा दिल्याचं ते सलग तिसरं वर्ष. आष्टीपासून पुढे आमच्या गावापर्यंत हिरवं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. संस्थेच्या आवारात कडब्याच्या गंजी लागल्या आणि चार दिवसांत बोरी-बाभळीचं कुंपण ठिकठिकाणी आडवं झालं. संचालक मंडळाने पक्क्या भिंतीचा ठराव केला. मी सचिव होते, म्हणून कामांची यादी मी केली. यादी सत्तावीस कलमांची होती. पहिलं कलम ‘मिस्त्री ठरवणे’.

मिस्त्री गावातलेच होते. पन्नाशीचे, सडसडीत, कमी बोलणारे. दसऱ्यानंतर बायकोसह ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परत येऊन गवंडीकाम करायचे. त्यांच्यावर एक डाग होता. शाळेची भिंत त्यांनी बांधली होती आणि ती पहिल्याच पावसाळ्यात रस्त्याकडे झुकली. पाया दोनच फूट घ्यायचा हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं, पण भिंत मिस्त्रींच्या नावावर जमा झाली. तेव्हापासून गावात त्यांना चूल आणि ओटा यापलीकडे काम मिळत नसे. आम्ही त्यांना बोलावलं, कारण तालुक्याचा मिस्त्री यायला तयार नव्हता.

ते आले ते खांद्यावर एक लांब सळई घेऊन. जागा बघितली नाही, जमिनीला पडलेल्या भेगा बघितल्या. आवाराचा पूर्वेकडचा अर्धा भाग मुरमाड आहे आणि पश्चिमेकडचा अर्धा काळ्या मातीचा. काळ्या भागात भेगा इतक्या रुंद होत्या की आमच्या एका सभासदाची चप्पल एकीत गेली होती. मिस्त्रींनी एकेका भेगेत सळई सोडली, वर बोटाने खूण धरली, काढून टेपने मोजली.

“पावणेचार फूट,” ते म्हणाले. “लिवा अक्का.”

मी लिहिलं. मग विचारलं, “हे कशासाठी?”

“माती इथवर हालती. पाऊस पडला का फुगती, वाळली का आकसती. पाया हिच्या खाली पायजे. खाली मुरूम हाय, त्याच्यावर बसवायचा. पाच फूट धरा.”

अध्यक्षबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांचं घराणं शेतीवाडीचं, बोलणं सरळ. त्यांनी तिथे पडलेली पहार उचलून जमिनीवर आपटली. खणकन आवाज झाला.

“ह्याच्यात पाच फूट? अहो, पहार वाजायलीय. दोन फूट लई झाले.”

“साळंला बी उन्हाळ्यातच खंदलं होतं,” मिस्त्री म्हणाले. “तवा बी वाजतच होती.”

अध्यक्षबाईंनी पहार खाली ठेवली. मी यादीत खोली दुरुस्त केली: काळ्या भागात पाच फूट, मुरमाच्या भागात तीन.

बाकीचं मिस्त्रींनी जमिनीवर काडीने काढून दाखवलं. दर आठ फुटांवर सिमेंटचा खांब. दोन खांबांमधल्या जागेला ते गाळा म्हणायचे. जमिनीलगत सगळे खांब जोडणारी आडवी तुळई, पण ती काळ्या मातीवर टेकवायची नाही, खाली चार बोटं जागा मोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी तुळईला उचलणार नाही. आणि दर चार गाळ्यांनंतर एकाऐवजी दोन खांब शेजारीशेजारी, मध्ये एक इंच फट. फटीत थर्माकोल. मुरूम संपून काळी माती सुरू होते तिथेही एक फट, नेमकी.

“फट कशाला?” मी विचारलं.

“उन्हानं भिंत वाढती.”

“किती?”

“लई न्हाई. सूतभर. पन तिला जागा न्हाई दिली तर ती करून घेती.”

मी लिहिलं: ‘फटी, तीन, दक्षिण बाजू, एक इंच.’ पुढे कंसात कारण लिहिलं नाही. ते माझ्या अंगाशी आलं.

काम फाल्गुनात सुरू झालं. पाण्याचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. टँकरचं पाणी फक्त कालवायला ठेवलं. खांबांवर मारायला पाणी नव्हतं आणि नवा खांब वाळू दिला की कच्चा राहतो. शेवटी दुधाचे कॅन धुतलेलं पाणी वापरायचं ठरलं. पहिलं दुधाळ पाणी मिस्त्रींनी नाकारलं, शेवटचं खंगाळलेलं तेवढं घेतलं. खांबांना बारदान गुंडाळलं आणि ते चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ भिजवलं. गावातली कुत्री बारदान चाटायला यायची. मी यादीत ‘कुत्री हाकलणे’ हे अठ्ठाविसावं कलम घातलं आणि दोन सभासदांच्या पाळ्या लावल्या.

याच दिवसांत एकदा ऊसतोडीला टोळ्या नेणारा गावचा मुकादम आवारात आला. मिस्त्री थापी मारत होते.

“काय मिस्त्री, औंदा कोयता धरायचा का न्हाई?”

“बघू. ही भिंत उभी ऱ्हायली तर गावात काम मिळंल.”

“आन् न्हाई ऱ्हायली तर?”

“तर तू हायेसच की.”

मुकादम हसला. मिस्त्री हसले नाहीत. त्यांच्या बायकोची कंबर मागच्या हंगामात मोळ्या उचलून गेली होती. त्यांना जायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. ते कळून मी काही केलं नाही. माझ्या यादीत त्यासाठी कलम नव्हतं.

चैत्रअखेर भिंत पुरी झाली. उद्घाटनाला चार दिवस होते. मिस्त्री भाचीच्या लग्नासाठी तलवाड्याला गेले आणि संचालक मंडळाची बैठक भिंतीजवळच भरली.

अध्यक्षबाईंनी फटीत बोट घातलं. “पाव्हणे म्हणतील, भिंत तुटकी बांधली.”

“मिस्त्रीचा माल कमी पडला आसंल,” एक संचालिका म्हणाली.

दुसऱ्या, वयाने सगळ्यांत मोठ्या, बराच वेळ फटीकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, “इथून दूध बाहीर काढता येतंय.”

“एक इंचातून?”

“नळी घातली तर.”

यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. कोण नळी घालील, याबद्दल दोन नावंही निघाली. मला कारण माहीत होतं. मी म्हणाले, “उन्हाने भिंत वाढते असं मिस्त्री म्हणाले होते.” सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. ती वाढत असल्यासारखी दिसत नव्हती. ठराव झाला आणि मी तो लिहिला. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या गावचा एक गवंडी बोलावला, थर्माकोल काढायला लावला, तिन्ही फटी सिमेंट-वाळूने गच्च भरून घेतल्या, वरून रंग मारला आणि यादीतल्या ‘फटी बुजवणे’समोर बरोबरची खूण केली. काम वेळेत झालं.

मिस्त्री परत आले ते उद्घाटनाच्या सकाळी. भिंतीवरून हात फिरवत गेले. फट होती तिथे हात थांबला.

“अक्का, हे कुनी केलं?”

“मंडळाचा ठराव आहे.”

“मंडळाला ऊन लागत न्हाई का?”

“कार्यक्रम झाला की उघडू,” मी म्हणाले आणि यादीच्या शेवटी ‘फटी उघडणे’ लिहिलं. कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी चाऱ्याची नवी यादी सुरू झाली, नव्या वहीत. जुनी वही कपाटात गेली. मिस्त्रींनी दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा मी “या आठवड्यात” म्हणाले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी मी कार्यालयात असताना बाहेर ‘टक’ असा आवाज झाला. मधल्या फटीपाशी खांबाच्या कडेचा गिलावा सुटून खाली पडला होता. शेजारच्या गाळ्यात वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. जुलैत दोन पाऊस झाले आणि ओल धरून ती भेग काळी, ठळक झाली. रस्त्यावरून दिसायची.

गावाने निकाल लगेच दिला. काळ्या रानात पाया खचला, मिस्त्रींची दुसरी भिंतही गेली. त्यांना ठरलेली दोन कामं मोडली. पोळ्याच्या आदल्या दिवशी मुकादम त्यांच्या घरी जाऊन बसला. ते मला मिस्त्रींनी नाही, त्यांच्या बायकोने दूध घालायला आल्यावर सांगितलं. “इच्यारलं तर हो म्हनतील आता,” ती म्हणाली आणि कॅनमध्ये दूध ओतताना एका हाताने कंबर धरली.

त्या संध्याकाळी मी जुनी वही काढली. ‘फटी बुजवणे’समोर माझी खूण होती. ‘फटी उघडणे’समोर काही नव्हतं.

चार दिवसांनी वार्षिक सभा होती. मी अहवाल वाचला आणि शेवटी वहीतलं ते पान वाचलं, दोन्ही ओळी, तारखांसह. म्हणाले, ठराव मंडळाचा, पण कारण ऐकलेली मी एकटी होते. अध्यक्षबाई पदर सारखा करत राहिल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “म्हंजे पाया खचलाच न्हाई म्हनता?”

“बघून घ्या,” मिस्त्री म्हणाले. ते दारात उभे होते.

सगळी सभा भिंतीपाशी गेली. मिस्त्रींनी ओळंबा काढला आणि पश्चिम टोकापासून सुरुवात केली. ओळंबा स्थिर होईपर्यंत थांबायचं, दोरी आणि खांब यातलं अंतर वर मोजायचं, खाली मोजायचं. आकडे त्यांनी अध्यक्षबाईंना वाचायला लावले. काळ्या मातीतल्या एकाही खांबात वर-खाली फरक निघाला नाही. मग छिन्नी लावून त्यांनी मधली फट उघडली. भरलेलं सिमेंट सहज निघालं नाही. ते दोन्ही खांबांमध्ये आवळून बसलं होतं. तासाभराने आरपार उजेड दिसला. सर्वांत मोठ्या संचालिकांनी वाकून त्यातून पलीकडे पाहिलं.

“नळी जाती,” त्या म्हणाल्या.

“जाऊ द्या,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

भेग पडलेला एक गाळा तेवढा पाडून पुन्हा बांधला, बाकी भिंतीला हात लावायची गरज पडली नाही. दसऱ्याच्या आधी मुकादम पुन्हा आवारात आला. मिस्त्री फटींत नवा थर्माकोल बसवत होते. मुकादमाने फटीत बोट घालून बघितलं, सगळेच घालतात.

“मंग न्हाई येत औंदा?”

“न्हाई. साळंची भिंत पाडून परत घ्यायचीय. पाच फूट खंदायचं हाय.”

“लई खंदायलास बे.”

“पहार वाजायच्या आत उरकतो,” मिस्त्री म्हणाले. पावसाने माती अजून मऊ होती.

मी आता दर मे आणि दर डिसेंबरमध्ये तिन्ही फटी मोजते आणि वहीत लिहिते. एका सुताचा फरक पडतो. प्रत्येक फटीशेजारी रंगाने लिहून घेतलं आहे: ‘ही फट ठेवलेली आहे. बुजवू नये. सचिव.’ वर्षातून एकदा तरी कुणीतरी तिच्यात कागद, चिंधी किंवा कडब्याची काडी कोंबतं. ‘फटी साफ करणे’ हे कलम मी कायमच्या यादीत घेतलं आहे. त्यासमोर मी खूण करत नाही.