सहाशे चाळीस मीटर उजेड

कापसाची ती वाईट वर्षं होती. यवतमाळला रोज कुणी ना कुणी पाहणी करायला येई, गाड्यांचे ताफे खेड्यांकडे जात आणि संध्याकाळी परतत. मी तेव्हा टेलिफोन खात्यात, प्रकाशतंतूच्या केबलींचं काम पाहणाऱ्या विभागात ज्युनियर इंजिनियर होते. त्या पाहण्यांशी माझा संबंध नव्हता. माझं काम जमिनीखालचं होतं. केबल कुठे तुटली ते शोधायचं, तिथवर जायचं आणि ती जोडून घ्यायची.

जोडण्याचं काम करणारा माझा जोडारी माझ्याहून वीस वर्षांनी मोठा होता. तांब्याच्या केबली जोडण्यात त्याची अर्धी नोकरी गेली होती. पुढे खात्यानं त्याला प्रशिक्षणाला पाठवलं आणि तो काचेच्या तंतूंकडे वळला. केसाएवढी काच दोन बोटांत धरताना त्याचा श्वाससुद्धा संथ होई. मी त्याला दादा म्हणे, तो मला मॅडम.

एका सकाळी साहेबांनी आम्हाला बोलावलं. गावातल्या एका मोठ्या रुग्णालयात नवं सी.टी. स्कॅनचं यंत्र आलं होतं. यंत्र नव्या इमारतीत, अपघात विभाग जुन्या इमारतीत. मध्ये एका ठेकेदारानं वर्षापूर्वी टाकलेली प्रकाशतंतूची केबल होती, आवाराला वळसा घालून सहाशे चाळीस मीटर. वर्षभर ती बिनतक्रार चालली. मग स्कॅनची शेकडो चित्रं भराभर जावीत म्हणून दोन्ही टोकांना दहापट वेगाची नवी यंत्रणा बसवली, आणि तेव्हापासून ती चालेना. "खात्याची केबल नाही, पण माणसं अडलीत," साहेब म्हणाले. "बघून या."

ठेकेदाराचा माणूस तिथे होताच. त्यानं आधी एक टोक धरून मला दाखवलं. दुसऱ्या टोकाला त्याच्या सोबत्यानं साधी बॅटरी लावली होती, आणि या टोकाला तंतूच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्याहून बारीक ठिपका लुकलुकत होता.

"देखो मॅडम, उजेड बराबर येऊन राह्यला. केबल मे कुछ नही. नवी मशीनच खराब असन."

अपघात विभागाचे डॉक्टर दारात उभे होते. तरुण होते, डोळे तारवटलेले. ते म्हणाले, "सध्या वॉर्डबॉय फिल्म हातात घेऊन पळत येतो. डोक्याला मार लागलेल्या माणसासाठी ते सहाशे मीटर फार लांब पडतात."

मी मापन यंत्र लावलं. काचेत थोडा, टोकांच्या जोडांत थोडा सांडून नव्या यंत्रणेचा उजेड पलीकडे जेमतेम अर्धा उरत होता. घेणाऱ्या यंत्राला त्याच्या सहाव्या भागातही भागलं असतं. तंतूला यंत्राशी जोडणारी सगळी जोडतोंडं आम्ही स्पिरिटनं पुसली. केबलीत उजेडाचा ठोका सोडून तो कुठून परततो हे दाखवणारं यंत्र लावलं. कुठे मोड नाही, कुठे चिमटा नाही. तरी नवी यंत्रणा जोडली की हिरवा दिवा लागे, थरथरे आणि विझे. लागला तरी चित्रं तुटकी येत.

दादा विझलेल्या दिव्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "मॅडम, उजेड तं पोचून राह्यला. मंग अडते काहून?"

तांब्यावर वाढलेल्या माणसाचा हा रास्त प्रश्न होता. आम्ही आयुष्यभर एकच गोष्ट मोजत आलो होतो, किती पाठवलं आणि किती पोचलं. मी केबलीवरची छपाई वाचली. बाहेरची काच आमच्या तंतूएवढीच, पण आतला उजेडाचा गाभा साडेबासष्ट मायक्रॉनचा, मल्टिमोड. आमच्या खात्याच्या तंतूत तो गाभा नऊच मायक्रॉनचा असतो. कॉलेजात ऐकलेलं काहीतरी तेव्हा डोक्यात हललं, आणि मी तिथल्याच बाकावर कागद घेऊन बसले.

रुंद गाभ्यात उजेडाला शेकडो वाटा असतात. कुणी मधून सरळ जातो, कुणी कडेकडेनं वळणं घेत. एकाच वेळी निघालेला ठोका म्हणून पलीकडे एकाच वेळी पोचत नाही, पसरून पोचतो. काच बनवणाऱ्यांनी त्यावरही उपाय केलेला असतो. कडेची काच ते अशी घडवतात की तिच्यातून उजेड अधिक वेगानं पळावा आणि लांबच्या वाटेचा तोटा भरून निघावा. हे मी दादाला सांगितलं तेव्हा त्यानं केबल पुन्हा हातात घेऊन पाहिली. त्या केसाएवढ्या गाभ्यात कुणीतरी मधल्या आणि कडेच्या उजेडाचा हिशेब बसवला होता. जवळजवळ बसवला होता, अगदी नेमका नाही. जुन्या यंत्रणेत दोन ठोक्यांमध्ये आठ अब्जांश सेकंद होते, तेवढ्यात थोडं मागेपुढे झालेलं खपून जाई. नव्या यंत्रणेत एक अब्जांशही नव्हता. मागचे ठोके पुढच्यांत मिसळत होते.

"म्हंजे आपल्या मार्केटाच्या फाटकावानी," दादा म्हणाला. "एका गावच्या बैलबंड्या संगंच निघते. कोणी सडकेनं, कोणी वावरातल्या पांधीनं. फाटकावर येऊस्तोवर दुसऱ्या गावच्या बंड्यात मिसळून जाते. मंग कोणाचा माल कोणता, सांगता येत नाही."

ठेकेदाराच्या माणसाला हे पटलं नाही. "मॅडम, उजेड कम पडत असन. जादा पॉवरची मशीन लावू."

"कमी उजेडावर चालवून दाखवते," मी म्हणाले. बोलून गेले, पण मी हे कधी केलेलं नव्हतं.

ठेकेदाराच्या माणसाकडे त्याच केबलीचा उरलेला तुकडा होता, दीडशे मीटरचा, रिळावर गुंडाळलेला. दोन्ही यंत्रं आम्ही एका टेबलावर आणली आणि मध्ये ते रीळ जोडलं. हिरवा दिवा लागला, स्थिर. मग मी दादाला एका जोडतोंडाची चकती सैल करायला सांगितली, म्हणजे दोन काचांत फट पडेल आणि उजेड सांडेल. तो केसाकेसानं फिरवत होता, मी मापन यंत्रावरचे आकडे वाचत होते. लांबच्या केबलीतून येत होता त्याच्या एक तृतीयांश उजेड उरला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि तंतू परत यंत्राला लावला.

दिवा हलला नाही. डॉक्टरांनी नव्या इमारतीतून आणलेली स्कॅनची चित्रं पाठवून पाहिली. एकही तुटलं नाही.

भरपूर उजेड सहाशे चाळीस मीटरवर हरला होता आणि त्याचा तिसरा हिस्सा दीडशे मीटरवर सहज पोचला होता. मला ते आधीपासून पुस्तकातून ठाऊक होतं असं मी म्हणेन तर खोटं ठरेल. पुस्तकात ते गणित होतं. इथे ते टेबलावर घडलं.

ठेकेदाराचा माणूस खुर्चीत बसला. "मंग आता?" एवढंच म्हणाला.

आमच्या गोदामात रस्तारुंदीच्या कामातून उरलेली सिंगल-मोड, म्हणजे आमच्या बारीक गाभ्याची केबल होती, सातशे मीटरच्या आसपास. साहेबांनी रीतसर कागद करून ती रुग्णालयाला दिली. पाइप आधीच पुरलेला होता, त्यातून आम्ही दोन दिवसांत ती ओढून घेतली. दोन्ही टोकांची प्रकाश सोडणारी यंत्रं ठेकेदारानं नागपूरहून या बारीक गाभ्याला चालतील अशी बदलून आणली. दादानं टोकं जोडली. जोडयंत्राच्या पडद्यावर दोन तंतू मोठे होऊन समोरासमोर येतात, ठिणगी पडते आणि मधली रेघ नाहीशी होते. शेकडो वेळा पाहिलेलं ते त्या दिवशी मी पुन्हा उभी राहून पाहिलं.

नऊ मायक्रॉनच्या त्या गाभ्यात आमच्या प्रकाशाला एकच वाट होती. मागेपुढे व्हायला जागाच नव्हती. मी मापलं तेव्हा केबलीत काही हरवल्याचं यंत्राला नीट सांगताच येईना, इतकं ते थोडं होतं. दुपारी ट्रॅक्टरवरून पडलेला एक माणूस आणला होता. त्याच्या डोक्याच्या आतली चित्रं एकामागून एक अपघात विभागाच्या पडद्यावर उतरली. वॉर्डबॉय अजून नव्या इमारतीच्या दारातच होता. डॉक्टर पडद्याकडे झुकले, मग वळून नर्सला म्हणाले, "रक्तस्राव नाही. इथेच ठेवू." आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि मला ते फार बरं वाटलं.

परतताना जीपमध्ये दादानं विचारलं, "मॅडम, आपली काच उजेडाले किती दूर नेते?"

"त्यांच्या काचेत, त्या रंगाच्या उजेडात, किलोमीटरमागे अर्धा संपतो," मी सांगितलं. "आपल्या काचेत अर्धा व्हायला आठ-नऊ किलोमीटर लागतात. रंग बदलला, डोळ्याला न दिसणारा आणखी पलीकडचा घेतला, तर चौदा-पंधरा. वाट एकच असली तरी तिथेही फार लांबवर ठोका पसरतोच, कारण उजेडातले बारीकबारीक रंग वेगवेगळ्या वेगानं धावतात. पण आपल्या अंतरांना ते आड येत नाही. आपल्याला आधी उजेडच कमी पडतो."

एक्स्चेंजमध्ये उतरल्यावर तो म्हणाला, "दारव्ह्याची लाइन दाखवता का?"

दारव्ह्याकडे जाणाऱ्या केबलीतला एक रिकामा तंतू मी ठोका सोडणाऱ्या त्या यंत्राला लावला. चाळीसेक किलोमीटरची ती केबल सुरुवातीपासून त्यानंच जोडली होती, पण आम्ही हे यंत्र नेहमी तुटलेली जागा शोधायला वापरायचो. जागा सापडली की पळायचं. धड चालणारा तंतू टोकापर्यंत बसून कुणी पाहत नसे.

पडद्यावर एक तिरपी रेघ उमटली, डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरणारी. दर दोन किलोमीटरवर तिला इवलीशी पायरी होती. तेवढे त्याचे जोड, आणि पायरीएवढा उजेड त्या जोडात सांडत होता. त्यानं खिशातून चष्मा काढला आणि पडद्यावर बोट न टेकवता एकेक पायरी दाखवत गेला. इथं नाल्यात पाणी होतं, इथं मुरूम लागला, इथं एका म्हातारीनं ताक पाजलं. शेवटी रेघ उंच उसळून एकदम खाली पडली. ते दारव्ह्याचं टोक.

"तिथवर किती उरते?"

"जोड धरून पन्नासातला एक भाग. तेवढा पुरतो."

बोरी अरबच्या अलीकडे एक पायरी बाकीच्यांहून ठसठशीत होती. तिच्यापाशी तो थांबला. "हा माह्या हातचा काचेचा पयला जोड हाय, काम इथूनच सुरू झालं होतं," तो म्हणाला. "हात थरथरत होते तवा."

"दादा, मर्यादेत आहे. इतकी वर्षं चालतंय."

"चालते, मले ठाऊक हाय. पन दिसून राह्यलं ना आता."

पुढच्या आठवड्यात त्या बाजूला काम निघालं तेव्हा त्यानं जीप थांबवायला लावली. रस्त्याकडेच्या चेंबरचं झाकण उघडलं, जोडाची पेटी बाहेर काढली आणि फक्त तो रिकामा तंतू कापून पुन्हा जोडला. चालू तंतूंना हात लावला नाही. मी छत्री धरून उभी होते. आजूबाजूला कापसाच्या पऱ्हाट्या वाळून करड्या पडल्या होत्या आणि कुंपणाच्या काट्यांवर अडकलेला कापूस वाऱ्यानं फडफडत होता. एक्स्चेंजमधल्या माणसाला फोन लावून मी तो तंतू पुन्हा मोजायला सांगितला.

"तिथली पायरी दिसतच नाही," तो म्हणाला.

मी ते दादाला सांगितलं. त्यानं मान हलवली, स्पिरिटनं बोटं पुसली आणि पेटीची झाकणं एकेक करून घट्ट लावू लागला.