पालथं पातेलं

आमचे अच्युतकाका तुकोगंजात सायकलवरून दूध घालायचे. डेअरीच्या शेठनं कॅनवर रंगवून घेतलं, ‘धार काढल्यापासून तासाभरात दारात’. गिऱ्हाइकं दुप्पट झाली. माणूस आणि सायकल मात्र एकच.

“शेठजी, एक आदमी वाढवा. शेवटच्या घरांचं दूध तापवताना फाटतं.”

“जोरात पैडल मारा भिया.” रंगाला पैसे होते त्याच्याकडे.

काकांनी फेरी कधी या टोकाकडून, कधी त्या टोकाकडून सुरू केली. मग दोन्हीकडचं फाटू लागलं. दूध नको असलं की लोक दारात पातेलं पालथं घालत. तशी पातेली वाढत गेली.

सरोजिनीबाई काकांचं पहिलं गिऱ्हाईक. दूध फाटलं तरी त्या पातेलं सरळच ठेवत. एका सकाळी त्यांचंही पातेलं पालथं होतं. काकांनी ते उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि तसंच पालथं ठेवलं.