बुधवारची मीटिंग पुढे, म्हणजे कुठे?

ऑफिसात त्यांना सगळे दुरुस्तीकाका म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखात होतं. ऑफिसचं काम परदेशातल्या एका प्रकाशकासाठी शाळेची इंग्रजी पुस्तकं तयार करायचं. त्यातलं प्रत्येक वाक्य काकांच्या नजरेखालून जायचं आणि बाहेर जाणारी प्रत्येक मेलसुद्धा. 'तिकडच्या माणसाला हे कळेल का?' हा एकच प्रश्न विचारण्याचा काकांना पगार मिळत होता, आणि तो प्रश्न ते फुकटातही विचारत. लिफ्टमधल्या सूचनेत त्यांनी स्वल्पविराम घातला होता. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तपासून दिली, ती लग्नानंतर आठवड्याने.

या खोडीचं मूळ जुनं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका परदेशी बाईंना फोनवर ते 'प्लीज डू द नीडफुल' म्हणाले होते. बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. काकांना ते हसू इतकं लागलं की त्या दिवसापासून त्यांनी आपल्याकडच्या इंग्रजीतले आपल्याकडचे शब्द तांदळातल्या खड्यांसारखे वेचून काढायला घेतले. त्यात सगळ्यात मोठा खडा होता 'प्रीपोन'. तो दिसला की काकांचा डावा डोळा बारीक व्हायचा.

त्या जूनमध्ये साहेबांचा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी ऑपरेशनला नेमका बुधवार दिला, आणि त्याच बुधवारी परदेशी प्रकाशकाबरोबर पडद्यावरची मीटिंग होती. कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही, याचा निर्णय त्यांचं संचालक मंडळ गुरुवारी घेणार होतं. म्हणजे मीटिंग आधी घ्यायला हवी होती. सोमवार ठरला. साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

"काका, स्पष्टच सांगतो. हे कंत्राट गेलं तर इंग्रजी तपासायला माणूस ठेवणं परवडणार नाही. तुमची रिटायरमेंट डिसेंबरात आहे, ती प्रीपोन करावी लागेल. या महिनाअखेरीस."

पण सवय माणसाला सोडत नाही. ते म्हणाले, "साहेब, 'अलीकडे आणावी लागेल' म्हणा."

"बरं, अलीकडे आणावी लागेल," साहेब म्हणाले. त्याने काकांना काही बरं वाटलं नाही.

बाहेर सेक्रेटरीबाईंनी मेल लिहून तयार ठेवली होती. या बाई साहेबांची सगळी पत्रं, मीटिंगा आणि राग सांभाळत. मेल चार ओळींची होती. बुधवारची मीटिंग दोन दिवसांनी प्रीपोन करत आहोत, तसदीबद्दल क्षमस्व, होकार कळवा म्हणजे कॅलेंडरवर निमंत्रण पाठवते. काकांचा डावा डोळा बारीक झाला.

"बाई, हा शब्द तिकडे चालत नाही."

"का? डिक्शनरीत आहे."

"डिक्शनरीत चोर, दरोडेखोरही आहेत. त्यांना कोणी घरी जेवायला बोलावतं का?"

"पोस्टपोन चालतं, मग प्रीपोन का नाही? पोस्ट म्हणजे नंतर, प्री म्हणजे आधी. शेंबड्या पोरालाही कळेल."

"शेंबड्या पोराला कळेल. प्रकाशकाकडच्या संपादकबाईंना कळणार नाही. त्यांच्याकडचं निम्मं जग हा शब्द ऐकून भुवया उंचावतं. आपल्या नोकऱ्या त्यांच्या भुवयांवर टांगल्यात."

"मग 'ब्रॉट फॉरवर्ड' लिहा."

काकांनी त्याचाही विचार केला होता. पण हिशेबाच्या वहीत मागच्या पानावरची शिल्लक पुढच्या पानावर आणताना हेच शब्द लिहितात, त्यामुळे त्यांना त्यात हिशेबनिसाच्या खोलीचा वास येई. त्यांनी खुर्ची ओढली, 'प्रीपोन' पुसला आणि एकेक अक्षर चाखत लिहिलं, 'मूव्ह्ड फॉरवर्ड बाय टू डेज'. सुटसुटीत, सभ्य, कुठल्याही देशात इस्त्री न मोडता जाईल असं. मग स्वतःच्या बोटाने बटण दाबून मेल पाठवली. बाईंनी हात जोडून वर पाहिलं.

घरी काकू शिलाई मशीनवर बसल्या होत्या. गल्लीतल्या अर्ध्या बायकांचे कपडे त्यांच्या हाताखालून जात. काकांचं इंग्रजी जेवढं चोख, तेवढाच काकूंचा हात. फरक एवढाच की काकू दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा उसवायला जात नसत. पुढच्या महिन्यात काका घरी बसणार की डिसेंबरात, हे त्यांना अजून माहीत नव्हतं. सांगायची काकांची हिंमत होत नव्हती. त्याऐवजी त्यांनी मेल दाखवली. कौतुकाची भूक लागली की ते असंच करत.

काकूंनी सुई दातात धरून मोबाइल लांब नेला आणि वाचलं.

"बुधवारची मीटिंग पुढे ढकलली होय? म्हणजे शुक्रवारी. मग त्या दिवशी डबा दोनच पोळ्यांचा देते, मीटिंग असली की तुम्ही परत आणता."

"अगं, पुढे ढकलली नाही. अलीकडे घेतली. सोमवारी."

"इथे तर फॉरवर्ड लिहिलंय. फॉरवर्ड म्हणजे पुढे ना?"

"पुढे म्हणजे..." काका थांबले. "इंग्रजीत पुढे म्हणजे आपल्याकडे. म्हणजे दिवस आपल्या दिशेने पुढे येतो."

"दिवस पुढे येतो की आपण पुढे जातो?" काकूंनी सुई दातातून काढली. "मी पुढे गेले तर शुक्रवार. तो पुढे आला तर सोमवार. नक्की कोण हलतंय, ते तरी लिहायचं."

काकांनी मेल पुन्हा वाचली. मग आणखी एकदा. वाक्यात तारीख नव्हती, वार एकच होता, तोही जुना. हाताने धुऊन इस्त्री केलेलं वाक्य होतं, आणि त्याला दोन बाजूंना दोन दारं होती. काका तसेच उठून गॅलरीत गेले आणि कुंडीतल्या रोपाला पाणी घालू लागले. त्याला सकाळीच घातलं होतं.

"कंत्राट गेलं तर मला या महिन्यातच घरी पाठवणार आहेत," ते तिकडूनच म्हणाले.

मशीन थांबली. काकू म्हणाल्या, "बरं. आधी सकाळी जाऊन तारीख लिहा. रडायचं असेल तर नंतर रडू, दोघं मिळून."

सकाळी काका ऑफिसात पोचले तेव्हा सेक्रेटरीबाई पडद्यापुढे हनुवटीला हात लावून बसल्या होत्या. दोन उत्तरं आली होती. प्रकाशकाच्या हिशेबनिसाने लिहिलं होतं, 'सोमवार चालेल.' संपादकबाईंनी लिहिलं होतं, 'शुक्रवार चालेल. मग तुमचा विषय गुरुवारच्या बैठकीतून काढते, तीन महिन्यांनी पुन्हा बघू.'

"एकाच ऑफिसातली माणसं," बाई म्हणाल्या. "एकच वाक्य. काका, तुमचं निर्मळ इंग्रजी दोघांनाही कळलं बघा."

काका खुर्चीत बसले नाहीत, कोसळले. बाईंना त्यांची दया आली. त्यांनी स्वतःची खुर्ची सरकवून जागा करून दिली.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण लवकर. ती बाई विषय काढून टाकेल."

"मूव्ह्ड अप?" काका पुटपुटले.

"अप म्हणजे वर. वर कुठे? सोमवार वर की शुक्रवार वर?"

"अॅडव्हान्स्ड?"

"आगाऊ पैसे मागताय असं वाटेल."

काकांनी डोळे मिटले. बत्तीस वर्षं शब्द वेचण्यात गेली, आणि नेमका आज एकही शब्द जागेवर नव्हता. मग त्यांना काकूंचं बोलणं आठवलं. त्यांनी क्रियापदाचा नादच सोडला. 'मीटिंग सोमवारी, नऊ जूनला आहे. बुधवारी, अकरा जूनला नाही. म्हणजे दोन दिवस आधी.' खाली त्यांची वेळ लिहिली, आपली वेळ लिहिली. चुकीबद्दल माफी मागितली, ती स्वतःच्या नावाने. असली मेल शाळेतलं पोरही लिहील, असं त्यांना वाटलं आणि ते वाटणं कडू होतं.

बाईंनी खाली एक ओळ घातली. 'आमच्याकडे याला प्रीपोन म्हणतात.' आणि काकांकडे पाहिलं. काकांचा डावा डोळा बारीक झाला, बोट खोडण्याच्या बटणावर गेलं. मग ते म्हणाले, "राहू दे. तारीख वर आहे. आता खाली पाहिजे तो नाचू दे."

दुपारी उत्तरं आली. हिशेबनिसाने विचारलं होतं, तो शेवटचा शब्द पोस्टपोनचं चुकलेलं स्पेलिंग आहे का. असो, सोमवारी येतो. काकांनी बाईंकडे 'बघा' अशा नजरेने पाहिलं. तेवढ्यात संपादकबाईंचं आलं. सोमवार नक्की. गुरुवारचा विषय कायम. आणि पुढे, 'प्रीपोन हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पण तुमच्या दोन्ही मेलांत मला दोनदा वाचावा न लागलेला शब्द तेवढाच.'

आता बाईंनी 'बघा' अशा नजरेने पाहिलं. काका चष्मा पुसत बसले. बत्तीस वर्षांपूर्वीचं फोनवरचं ते हसू आणि हे वाक्य, दोन्ही परदेशी बायकांचीच होती, आणि या दुसरीला हसू आलंच नव्हतं. काकांना उगाचच भरून आलं. ते त्यांनी चष्म्यावर ढकललं.

"मग पुढच्या वेळेला ठेवायचा ना हा शब्द?" बाईंनी विचारलं.

"घरातल्या मेलांत खुशाल ठेवा. बाहेरच्या मेलांत तारीख ठेवा," काका म्हणाले. बाईंच्या मते ही शरणागती होती. काकांच्या मते तह होता.

सोमवारी मीटिंग झाली. बुधवारी साहेबांचा गुडघा झाला. गुरुवारी काही कळलं नाही आणि काकांनी दिवसभरात एकाही वाक्याला हात लावला नाही, हे ऑफिसात सगळ्यांनी पाहिलं. शुक्रवारी घरी काकू टाचण्या लावत असताना मोबाइल वाजला. साहेब हॉस्पिटलमधून बोलत होते. आवाज गुंगीतला, पण खुशीतला होता.

"काका, निर्णय आलाय. तुमची रिटायरमेंट मूव्ह फॉरवर्ड केली आहे. सहा महिन्यांनी."

डिसेंबरातून सहा महिने अलीकडे म्हणजे हाच जून. सहा महिने पलीकडे म्हणजे पुढचा जून. दोन्ही जून त्यांच्यासमोर शेजारी शेजारी उभे राहिले. पलीकडून साहेबांचं दबकं हसू आणि नर्सचं ओरडणं ऐकू येत होतं. काकूंनी हातातला कपडा खाली ठेवला आणि मोबाइलजवळ कान नेला.

आयुष्यात पहिल्यांदा काकांनी कोणाचं इंग्रजी दुरुस्त केलं नाही.

"साहेब," ते म्हणाले, "वर्ष सांगा."