बाराचे सहा

समस्त जनतेस कळवण्यात येते की, मंठ्याच्या एका महाविद्यालयातील पदार्थविज्ञान विभागात आलेखाच्या अक्षरांवरून गंभीर परिस्थिती उद्भवली असून, तिला सर्वस्वी प्रस्तुत लेखक जबाबदार आहे.

माझ्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या एक मॅडम होत्या. टेंभुर्णीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि शनिवार-रविवारी आमच्या प्रयोगशाळेत मोसंबीच्या साली वाळवायच्या. सौर वाळवणीत सालीतला ओलावा तासागणिक किती उरतो, हा त्यांचा विषय. त्यावरचा त्यांचा लेख एका नियतकालिकानं जवळजवळ स्वीकारला होता. एकच अट होती, आलेखातली अक्षरं लेखातल्या अक्षरांशी जुळवा, वाचता येत नाहीत. मुदत दोन आठवडे. लेख छापायला गेला नाही तर प्रबंध दाखल होणार नाही, आणि प्रबंधाची मुदतवाढ त्यांनी आधीच एकदा घेतली होती.

आलेख मी काढला होता. मापनाचे ठिपके आणि त्यांच्यातून घसरगुंडीसारखी उतरणारी रेघ. मी छातीठोकपणे म्हणालो, एवढंच ना? आमची सगळी हयात टाइम्स न्यू रोमन आणि बारा आकार यांत गेलेली. विद्यापीठाचा नियमच तो. अर्ज असो, अहवाल असो, टायपिंगवाल्याला सांगायचं, टाइम्स, बारा. मी आलेखाच्या अक्षरांना टाइम्स लावलं, बारा केलं आणि विजयी मुद्रेनं चित्र लेखात घातलं. अक्षरं मुंगीएवढीच राहिली. मग मी अठरा केलं. तेव्हा आकडे एकमेकांच्या अंगावर चढले.

मॅडम शांतपणे हे नाटक बघत होत्या. शेवटी त्यांनी पट्टी घेतली.

"सर, तुमचं चित्र सोळा सेंटिमीटर रुंद आहे. लेखाचा रकाना साडेआठचा. लेख जुळवणारं सॉफ्टवेअर, लाटेक, ते दाबून बसवतं. तुमच्या बाराचे तिथं जेमतेम सहा होतात."

"आणि टाइम्स?"

"लेख टाइम्समध्ये नाहीच, सर. लाटेकचं स्वतःचं अक्षर आहे ते, कॉम्प्युटर मॉडर्न. दोन वर्षं तुम्ही ते रोज वाचताय."

एवढं म्हणून त्या गालातल्या गालात हसल्या. मला लाजच वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, मजा वाटली. पंचवीस वर्षं शिकवल्यावर कुणीतरी आपल्याला शिकवतंय, याचं सुख वेगळंच असतं.

मग त्यांनी चित्र बाहेरून आणणंच बंद केलं. मोजणीचे आकडे दोन रकान्यांच्या साध्या फाइलमध्ये ठेवले आणि पीजीएफप्लॉट्स हे लाटेकमधलंच आलेख काढायचं साधन वापरून आलेख लेखाच्या आतच काढायला लावला. रुंदी रकान्याएवढी, म्हणजे नंतर दाबणं नाही, ताणणं नाही. ठिपके फाइलमधून, रेघ आधीच काढून ठेवलेल्या समीकरणातून. अक्षांवरचे आकडे आणि नावं लाटेकच छापणार, म्हणजे अक्षर आपोआप लेखाचंच, फक्त चित्राखालच्या ओळीएवढं लहान. अक्षांची नावं मात्र त्यांनी माझ्या जुन्या आलेखातून जशीच्या तशी उतरवली. गुरूवर विश्वास, दुसरं काय!

छापील पान हातात आलं. आलेख लेखातूनच उगवल्यासारखा दिसत होता. मी ते पान विभागभर मिरवलं आणि शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांना दाखवलं. मामा आमचे परिचर. सालींची सगळी वजनं त्यांनीच केलेली. जुन्या आलेखाकडे ते नुसते बघून मान हलवायचे. या वेळी चष्मा न लावता त्यांनी खालचा अक्ष वाचला. शून्य, एक, दोन असं सहापर्यंत. मग त्याखालचं नाव वाचलं आणि त्यावर बोट ठेवून थांबले.

तिथं Time (min) होतं. कुठल्यातरी जुन्या प्रयोगातून मीच ते उचललेलं. नियतकालिकाच्या दोन परीक्षकांच्या, मॅडमच्या आणि माझ्या नजरेखालून ते गेलं होतं, कारण छापील लेखात वाचता येईल एवढं मोठं ते आधी कधी नव्हतंच, आणि आता आम्ही फक्त अक्षराचं वळण बघत होतो.

पुढचं पटकन सांगतो. मॅडमनी min चं h केलं, म्हणजे मिनिटांचे तास झाले, मुदतीच्या चार दिवस आधी लेख पाठवला, तो स्वीकारला गेला, प्रबंध दाखल झाला. ऋणनिर्देशात मामांचं नाव माझ्या आधी आहे आणि ते बराबर आहे. अक्षरं वाचण्याजोगी केल्याबद्दल मी मॅडमचा ऋणी आहे, आणि ती खरोखर वाचल्याबद्दल मामांचा.

तर बोट तसंच ठेवून मामांनी माझ्याकडे बघितलं आणि न राहवून ते बोलले,

"सर, सहा मिनिटांत साल वाळती, तर मंग मी दिवसभर उन्हात काय करून राह्यलो होतो?"